बटणकाकांचा त्रास

बटणकाका आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते असं नाही. गिऱ्हाइकाला "हा रंग जुळतोय की" असं ते चाळीस वर्षं सांगत आले होते आणि त्यातलं निम्मं खोटंच होतं. पण त्या खोट्याने कुणाचं वाकडं झालं नव्हतं. शर्टाला बटण लागायचं आणि माणूस कामाला जायचा.

बटणं, लेस, हूक, चेन आणि अस्तराच्या कापडाचं त्यांचं दुकान दहा फूट रुंद होतं. मागची भिंत छतापर्यंत डब्यांनी भरलेली. प्रत्येक डब्याच्या तोंडावर आतलं एक बटण दोऱ्याने बांधलेलं. पूर्वी शिंप्यांची इतकी वर्दळ असायची की काकांना जेवायला फुरसत नसे. मग लोक तयार कपडे घ्यायला लागले, एकेक शिंपी उठून गेला, काकू गेल्या, आणि मुलगी लग्न होऊन लांब गेली. ती रविवारी फोन करायची. बाकी सहा दिवस काकांशी बोलायला रेडिओ होता, आणि त्याला काकांचं ऐकून घ्यायची सवय नव्हती.

अशा एका शनिवारी दुपारी एक अनोळखी बाई दुकानात आली. पस्तिशीची, पाठीला पिशवी, हातात वही. एका कंपनीत संगणकाचं काम करायची. स्वतःचं काहीतरी सुरू करायचं म्हणून सुट्टीच्या दिवशी दुकानं पालथी घालत होती.

"काका, विकायला काही नाही आणलं. फक्त विचारायचंय. दुकान चालवताना रोजचा त्रास काय होतो?"

"छे हो ताई, त्रास कसला? सगळं झकास चाललंय."

ती हसली, वही मिटली आणि म्हणाली, "बरं, मग येते." ती पायरीवर पोचली तेव्हा काकांच्या तोंडून निसटलं, "थांबा, थांबा. एक त्रास आहे."

त्रास काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पाठीमागे डब्यांची भिंत होती, तेच सुचलं. "गिऱ्हाईक एक बटण घेऊन येतं. माल आपल्याकडे आहे हे माहीत असतं, पण डबा सापडत नाही."

ही थाप होती. काकांना प्रत्येक डबा डोळे मिटून सापडायचा.

बाई पक्की होती. तिने "मी ॲप बनवलं तर वापराल का?" असं विचारलंच नाही. त्याला सगळेच दुकानदार हो म्हणतात, चांगलं म्हणायला काय जातं, हे तिला चांगलं कळत होतं. तिने विचारलं, "असं शेवटचं कधी झालं? त्या दिवशी काय काय झालं ते सांगा."

आता माघार कशी घ्यायची? काकांनी गेल्या गुरुवारी आलेली हिरव्या कोटाची बाई जन्माला घातली. तिचं शिंगाचं बटण, तिची घाई, "जाऊ दे, दुसरीकडे बघते" म्हणून तिचं निघून जाणं. इतकं बारीक सांगितलं की शेवटी त्यांनाच त्या बाईचं वाईट वाटलं. वहीवाली ताई खाली मान घालून भराभर लिहीत होती. आपलं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय, हे काका बघत राहिले.

मग दर शनिवारी ती यायची. आठवडाभर काका नवीन गिऱ्हाईक रचायचे. एकदा ती म्हणाली, "मी नुसती बसते, तुम्ही काम करा." नेमकं तेव्हाच कुणीतरी बटण घेऊन आलं. काकांनी मुद्दाम तीन डबे चुकीचे काढले आणि कपाळाचा घाम पुसला. तो घाम मात्र खरा होता.

तिने ठरवलं, बटणाचा फोटो काढला की फोनने डबा दाखवायचा. मग आठशे डब्यांचे फोटो सुरू झाले. पांढऱ्या कागदावर बटण, शेजारी नाणं, म्हणजे आकार कळतो. पुढून, मागून, दारातल्या उजेडात आणि ट्यूबलाइटखालीही, कारण रंग बदलतो. काका बटण धरायचे, ती फोटो काढायची. मध्येच ते सांगायचे, हे लग्नाच्या कोटाचं, हे शाळेच्या गणवेशाचं. "ताई"ची "अगं" कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही. काकूंनंतर इतकं सुख त्यांना लागलं नव्हतं.

आणि एका शनिवारी ती म्हणाली, "काका, दोन दगडांवर पाय ठेवून होत नाही. नोकरी सोडायचा विचार आहे."

आता सांगायलाच हवं होतं. पण सांगितलं की ही पुन्हा येणार नाही. "बाजारात आणखी कुणाला विचारलंस का?" एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं.

"विचारलं ना. चौघे बटणवाले म्हणाले, शोधावं लागतं कधीकधी."

"कधीकधी" म्हणजे "जा बाई आता" असं असतं, हे काकांना पुरतं ठाऊक होतं. तिलाही एरवी कळलं असतं. पण एव्हाना तिला हो ऐकायचं होतं. पुढचे तीन शनिवार काकांनी आज सांगू, आज सांगू म्हणत घालवले.

चौथ्या शनिवारी ती घड्याळ आणि दहा बटणं घेऊन आली. "आधी तुमच्या पद्धतीने शोधा, मग फोनने. किती वेळ वाचतो ते बघू. म्हणजे बाकीच्यांना दाखवता येईल."

काकांनी पहिलं बटण उचललं. थोडं चाचपडलं असतं तर आजचाही दिवस निभावला असता. पण ती बाकीच्यांना दाखवणार होती, आणि ते तिला हसणार होते. चारचौघांत या पोरीचं हसं व्हावं, हे त्यांना सोसवेना. त्यांचा हात वर गेला आणि डबा काउंटरवर आला. दुसरा. तिसरा. त्यांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. दहावा डबा ठेवला तेव्हा एक मिनिटही झालं नव्हतं.

तिने घड्याळ बघितलं, मग काउंटरवरचे डबे एकेक करून मोजले.

"काका, ती हिरव्या कोटाची बाई?"

"नव्हती गं. कुणीच नव्हतं."

"मी सोमवारी राजीनामा दिला. माझ्या जागी माणूसही घेतला त्यांनी." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. "आधी का नाही बोललात?"

"त्रास नाही म्हटलं, तेव्हा तू वही मिटून निघाली होतीस. खरं सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

तिने बटणं गोळा केली, घड्याळ पिशवीत टाकलं. पायरीवर गेली आणि वळली. तिचे डोळे भरले होते.

"पहिल्या दिवशी नसते आले, काका. पण नंतर आले असते. नोकरी होती तेव्हा शनिवार माझा होता. वही न घेतासुद्धा आले असते. आता काम शोधायचं, ते कुठल्या गावात मिळेल देव जाणे."

काका काहीतरी म्हणायला गेले, पण गिऱ्हाईक आलं. त्याला शर्टाचं पांढरं बटण हवं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच काकांना डबा सापडेना.