जाळी दुसऱ्या परिच्छेदात

कणीक मळायच्या यंत्रात माझ्या सोबतिणीचा पदर गेला, पाठोपाठ हात. मी बटण बंद केलं.

वाघोलीतल्या आमच्या कँटीनच्या मॅनेजरने अपघाताचा अहवाल दोन पानं लिहिला. तिचा उपास, तिची घाई, आमच्या गप्पा. यंत्रावरची संरक्षक जाळी काढलेली होती, हे पार शेवटी. म्हणजे दोष तिच्या माथी.

सेफ्टी ऑफिसर बाईंनी तो अहवाल मला वाचून दाखवला.

"अहो, उपास अडकला का यंत्रात?" मी म्हणाले.

त्यांनी गप्पा, घाई सगळं खोडलं आणि परिच्छेदांना क्रमांक घातले. एक, जागा आणि काम. दोन, जाळी नव्हती. तीन, पदर आणि हात आत ओढले गेले. चार, यंत्र बंद करून दवाखान्यात नेलं.

"जाळी इतकी वर?" मॅनेजर कुरकुरला.

"आधी घडलं ते आधी," बाई म्हणाल्या.

मी साक्षीदार म्हणून सही केली. सोबतीण वाचली, दोन बोटं गेली.