आजोबांचं अर्धं बोट आणि जबलपूरची नोंदवही

नागपूरहून जबलपूरची बस सकाळी साडेसहाला सुटली. माझ्या मांडीवर डबा होता आणि डब्याखाली एक फाईल. डबा सिवनीला रिकामा झाला. फाईल मात्र मी जबलपूर येईपर्यंत हातातून सोडली नाही.

फाईल आजोबांची. सदाशिव बापूजी गावंडे, मुक्काम पिंपळधरी, आर्वीजवळ. बेचाळीसच्या चळवळीत आजोबा जबलपूरच्या तुरुंगात होते, असं आमच्या घरात सगळे सांगत. गावात मात्र दुसरीच गोष्ट चाले. सदाशिव जबलपूरला आरागिरणीत कामाला गेला होता, तिथेच त्याचं बोट तुटलं, आणि आल्यावर त्याने तुरुंगाची थाप मारली! आजोबांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर नव्हतं, हे खरं. मला ते बोटांवर अंक शिकवत, तेव्हा दहाऐवजी साडेनऊ म्हणत आणि स्वतःच हसत. बाबा ही आरागिरणी ऐकत ऐकत गेले.

आता गावच्या शाळेत स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा दगड बसायचा होता. समितीतले सर्वांत वडील, विठोबाकाका, मला सरळ म्हणाले, "सुमन, नाव कोरायला माझी ना नाही. पण कागद आण. दगडावरचं पुसता येत नाही." मी त्याच शाळेत छत्तीस वर्षं पहिलीला शिकवलं. पुरावा मागणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही. या वेळी मात्र आला.

नागपूरच्या कारागृहात अर्ज करून झाला होता. 'गावंडे नावाचा बंदी आढळत नाही,' एवढंच उत्तर आलं. म्हणून हा प्रवास.

लखनादौन सोडल्यावर डोंगर मागे पडले आणि गव्हाची शेतं लागली. दुपारी जबलपूरला उतरले आणि सदर भागातल्या एका स्वच्छ लॉजमध्ये खोली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांबरोबर खोवे की जलेबी (खव्याची, काळपट आणि चांगली जाडजूड) मागवली. आमच्याकडे पोह्यांवर तर्री ओततात, इथे शेजारी जिलबी ठेवतात. डॉक्टरांनी गोड बंद केलं आहे, ही गोष्ट मला दुसरी जिलबी संपल्यावर आठवली.

तिथून कारागृहाच्या कचेरीत गेले. कारकून सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि विचारलं, "माताजी, कैदी नंबर क्या है? कौन सा रजिस्टर, कौन सा पन्ना?"

"वही तो ढूँढने आई हूँ," मी म्हटलं.

"बिना नंबर के रिकॉर्ड रूम में एक नाम कहाँ से निकालें? कागज ऐसा है कि छूते ही टूटता है." मग त्याने आवाज खाली आणला. "चेरीताल की लाइब्रेरी में पुराने रजिस्टरों की फोटोकापी रखी है. वहाँ दीदी हैं, आपकी तरफ की ही हैं. नंबर ले आइए, फिर हम असल से मिलाकर नकल दे देंगे."

आनंदाच्या भरात मी ऑटोतून उतरताना चष्मा सीटवरच विसरले. ऑटो गेला आणि चष्माही गेला. पहिलीच्या पोरांना छत्तीस वर्षं 'आपल्या वस्तू सांभाळा' सांगणाऱ्या बाई अशा, मिचमिच्या डोळ्यांनी, वाचनालयात शिरल्या.

शुभांगी दीदी पन्नाशीच्या, केसांत पेन खोवलेलं. त्यांचे पणजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेत नोकरीला आले आणि घराणं इथलंच झालं. माझी सगळी कहाणी त्यांनी उभ्यानेच ऐकली.

"अच्छा, म्हणून तुम्ही आल्या. बसा ना जी, आरामात बसा. काहून एवढ्या घाबरून राहिल्या? चष्मा नाही तर काय झालं, मी वाचून सांगते. नाव सांगा."

"गावंडे," मी म्हटलं. "ग मध्ये बघा."

त्या हसल्या. "हीच तर गडबड आहे बाई! आपले सगळे मराठी लोक इथे येऊन आडनाव शोधतात. जेलच्या रजिस्टरमध्ये आडनाव राहतच नाही. नाव, वल्द, जात, साकिन. बस्."

वल्द म्हणजे कोणाचा मुलगा, साकिन म्हणजे राहण्याचं गाव. माझ्या घरात आडनावाचा केवढा अभिमान! आणि नागपूरला मी अर्जात तेच ठळक अक्षरांत लिहिलं होतं. वडिलांचं नाव नुसतं आद्याक्षराने. मुलांनी अशी उत्तरपत्रिका दिली असती तर मी शून्य दिलं असतं.

त्यांनी आधी सूचीचा खंड काढला. त्यात माणसं आपापल्या नावाच्या पहिल्या अक्षराखाली होती. त्या काळात सदाशिव चिक्कार निघाले, पण 'सदाशिव वल्द बापूजी' दोनच. दीदींनी दोघांचे नंबर चिठ्ठीवर लिहिले आणि दाखल-नोंदवहीचा जाड खंड टेबलावर आणला.

"ही वही कैदी आला त्या तारखेने चालते, शिक्षा लागली त्या तारखेने नाही. लक्षात ठेवा."

पहिला सदाशिव नरसिंहपूरचा विणकर निघाला, वय पंचावन्न. दुसऱ्याचं पान उघडलं. दीदींनी तारीख वाचली आणि मीच म्हटलं, "नाही हो, ही आजोबांना अटक झाली त्यानंतर चार महिन्यांची आहे."

"थांबा ना. 'कुठून आला' हा रकाना वाचू द्या." त्यांचं बोट ओळीवरून सरकलं. मूळ नोंद इंग्रजीत होती, त्या मला मराठीत सांगत होत्या. "नागपूर मध्यवर्ती कारागृहातून बदलीने. शिक्षा देणारं कोर्ट, आर्वी. शिक्षा नऊ महिने सक्तमजुरी. तिकडे जेल भरलं असेल, म्हणून इकडे पाठवलं. साकिन..." त्या थांबल्या. "पिंपळधरी."

मी टेबलाची कड घट्ट धरली.

"चलो, एवढ्यात खूश होऊ नका. त्या गावात आणखी एखादा सदाशिव वल्द बापूजी असला तर? ओळखीची खूण बघू. त्या काळी कैदी पळाला तर शोधायला खुणा लिहून ठेवत." त्यांनी मला भिंग दिलं आणि माझा हात त्या रकान्यावर नेला. "उंची पाच फूट चार इंच. कपाळावर व्रण. आणि हे वाचा. डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. पूर्वीचं."

पूर्वीचं! आजोबा तुरुंगाच्या दारातून आत आले, तेव्हाच त्यांचं बोट तुटलेलं होतं. मग जबलपूरच्या आरागिरणीत तुटणार कसं? साऱ्या गावाने इतकी वर्षं चघळलेली ती आरागिरणी तेव्हाच्या एका कारकुनाने एका ओळीत मोडीत काढली होती. मी वाचनालयात मोठ्याने रडले. पेपर वाचणारे दोन गृहस्थ उठून बाहेर गेले.

दीदींनी पाणी दिलं, पण काम थांबवलं नाही. "आल्याची नोंद मिळाली. किती दिवस राहिले ते सुटकेच्या वहीत. ती वही वेगळी असते, सुटल्याच्या तारखेने." त्यांनी कागदावर हिशेब मांडला. चांगल्या वागणुकीची सूट धरली तर सुटका अमुक महिन्यात हवी. तिथे आजोबा नव्हते. पुढच्या महिन्यातही नव्हते. शिक्षेचा अगदी शेवटचा दिवस आला, तेव्हा ते सापडले.

"सूट कापली की काय?" दीदी पुन्हा दाखल-नोंदवहीकडे वळल्या आणि शेऱ्याचा रकाना वाचू लागल्या. "दोनदा कापली. कारण, बराकीच्या भिंतीवर कोळशाने लिहिणे."

"घोषणा?" मी विचारलं.

"नाही जी. लिहिलंय, अक्षरं गिरवताना पकडला."

आजोबा शाळेत कधी गेले नव्हते, तरी त्यांना वाचता येत होतं. कुठे शिकलात, असं विचारलं की म्हणत, "मोठ्या शाळेत, जबलपूरला." आम्ही ते थट्टेवारी नेत होतो.

दीदींनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. येताना आजोबांनी अंगठा उठवला होता. सुटताना आपले कपडे, टोपी आणि लोटा परत मिळाल्याची पोच द्यायची असते, तिथे अंगठा नव्हता. मी भिंग जवळ नेलं. त्यांनी आधी लांबलचक शिरोरेषा ओढली होती आणि मग तिला एकेक अक्षर टांगलं होतं. सदाशिव. अक्षरं संपली तरी रेष उरली होती. पहिलीतली पोरं अशीच लिहितात, कारण नाव किती लांब होईल याचा त्यांना अंदाज नसतो. असली सही मी दर वर्षी दिवाळीच्या आसपास पाहिली आहे, आणि दर वर्षी त्या पोराच्या पाठीवर थाप दिली आहे. या एका विद्यार्थ्याच्या पाठीवर थाप द्यायची राहून गेली होती.

"मी नुसतं शोधून दिलं," दीदी अर्ज लिहिता लिहिता म्हणाल्या. "शिक्का मारायचा हक्क माझा नाही, जेलवाल्यांचा आहे." अर्जात त्यांनी दोन्ही वह्यांची वर्षं, पानं, अनुक्रमांक आणि कैदी नंबर लिहिला. वर आजोबांचं नाव मात्र मी घातलं, या वेळी आडनावाशिवाय.

कचेरीला दोन दिवस हवे होते. एका संध्याकाळी मी ग्वारीघाटावर नर्मदेत पाय सोडून बसले. शेजारच्या फुलवालीने विचारलं, "किसके नाम का दिया, अम्मा?" मी म्हटलं, "सदाशिव वल्द बापूजी." तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी कारकुनाने मूळ वहीशी ताडून साक्षांकित नक्कल हातात दिली. खाली सही, गोल शिक्का. तो म्हणाला, "माताजी, अँगूठा लगाकर आए थे, दस्तखत करके गए. हमने सब को दिखाया." मी त्याला जिलबीचा पुडा दिला. दुसरा पुडा चेरीतालला. दीदींनी मला निरोप देताना आपलं भिंग माझ्या पर्समध्ये सरकवलं. "चष्मा होईपर्यंत ठेवा ना जी."

परतीच्या बसमध्ये मी फाईल डब्याखाली ठेवली नाही, वर ठेवली.

विठोबाकाकांनी नक्कल शाळेच्या ओट्यावर बसून वाचली. खुणेच्या ओळीवरून त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "आरागिरणीचं मीच सगळ्यांत जास्त सांगितलं असेल." आणि उठून त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. माझा सगळा राग तिथेच संपला.

दगड आता शाळेच्या दारात आहे. बाकीची नावं छापील अक्षरांत कोरली आहेत. आजोबांचं मात्र मी त्या सहीवरून कोरून घेतलं. पाथरवटाने विचारलं, "बाई, नाव संपल्यावरही रेष पुढं जाते आहे. तेवढी कापू का?"

मी म्हटलं, "राहू द्या. त्यांनी तुरुंगाच्या भिंतीवर गिरवली आहे ती."