चार डिसेंबर की बारा एप्रिल

खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईला मी सांगितलं, "तुमच्या मुलीचं नाव यादीत नाही. वय जास्त भरतंय."

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नोंदणीचं काम करत होते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी एक संस्था कानाच्या ऑपरेशनचा सगळा भार उचलणार होती. आत यंत्र बसवायचं, बाहेर मशीन लावायची आणि मग पोराला हळूहळू बोलायला शिकवायचं. अट एकच होती आणि ती कडक होती. एकतीस ऑक्टोबरला मुलाची पाच वर्षं पूर्ण झालेली नसावीत. जितक्या लहानपणी आवाज कानात जाईल तितकी भाषा येते, उशीर झाला की दार मिटत जातं, असं आमच्या तपासणीच्या मॅडम सांगायच्या. बासष्ट मुलांचे फॉर्म आले होते. त्यांची नावं आणि जन्मतारखा एक्सेलमध्ये भरणं, वय काढणं आणि यादी पाठवणं हे माझं काम होतं.

ती बाई इचलकरंजीची होती. नवरा-बायको दोघं यंत्रमागावर कामाला. कडेवरची मुलगी माझ्या टेबलावरच्या स्टेपलरकडे टक लावून बघत होती.

"पाच कुठली झाली वो ताई?" ती म्हणाली. "डिसेंबरात हुत्यात की पाच. अजून दोन म्हैनं हायत."

मी स्क्रीनकडे बघितलं. तिच्या लेकीच्या ओळीत पाच वर्षं, सहा महिने असं स्पष्ट होतं. मी म्हणाले, "कॉम्प्युटरनं काढलंय. त्यात चूक होत नाही."

तिनं वाद घातला नाही. मुलीच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं, "बरं" म्हणाली आणि निघून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला नंतर खूपदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळवार पेठेतून चालत कामावर येताना तिचं ते "डिसेंबरात" डोक्यात फिरायला लागलं. आईला लेकराचा महिना चुकेल कसा? सात-आठ महिन्यांचा फरक म्हणजे फार झाला. आल्या आल्या मी चप्पलसुद्धा न काढता कपाटातून तिचा फॉर्म काढला. जोडलेल्या जन्मदाखल्यावर लिहिलं होतं, चार डिसेंबर.

मी शीट उघडली. तिच्या तारखेच्या रकान्यात 4/12 आणि पुढे साल. चार-बारा. म्हणजे बरोबरच की. मला क्षणभर हायसं वाटलं. मग वय चुकलं कसं? मी सूत्र तपासलं. यादीची तारीख, एकतीस ऑक्टोबर, मी वरच्या एका वेगळ्या रकान्यात ठेवली होती. 'आजची तारीख' घातली असती तर शीट रोज उघडताना वय बदलत गेलं असतं. एका रकान्यात DATEDIF या दोन तारखांमधलं अंतर काढणाऱ्या सूत्रानं "y" लावून पूर्ण झालेली वर्षं काढली होती, शेजारी "ym" लावून वर्षं सोडून उरलेले पूर्ण महिने. सूत्र बरोबर होतं. तोंडी मोजलं तर मुलीचं वय चार वर्षं दहा महिने येत होतं.

मग मी त्या रकान्याचं रूप बदललं आणि महिना अक्षरात दिसेल असं केलं.

बारा एप्रिल.

कॉम्प्युटर नवीन आला होता, महिन्याभरापूर्वी. त्यात तारीख लिहायची पद्धत अमेरिकेची होती, आधी महिना, मग दिवस. कुणी बदललीच नव्हती. मी चार-बारा लिहिलं की तो त्याला चौथ्या महिन्याची बारा तारीख समजत होता, आणि दाखवताना मात्र मी लिहिलं तसंच दाखवत होता.

आणि मला आठवलं, भरताना काही तारखा अडल्या होत्या. पंचवीस-अकरा लिहिलं की ते डाव्या बाजूला चिकटून राहायचं आणि वयाच्या जागी चुकीची खूण यायची. पंचविसावा महिना नसतोच, म्हणून त्यानं ती तारीखच मानली नव्हती, नुसता मजकूर धरला होता. मी वैतागून त्या सगळ्या महिन्याचं नाव घालून पुन्हा टाइप केल्या आणि प्रश्न सुटला असं समजले. जिथं तो अडला तिथं मी दुरुस्त केलं. जिथं न अडता चुकला तिथं मला कळलंच नाही.

मग मी एकेक फॉर्म काढून लावायला बसले. महिन्याच्या एक ते बारा तारखेला जन्मलेली चोवीस मुलं निघाली. दोघांचा दिवस आणि महिना एकच होता, सात जुलै आणि तीन मार्च, ती उलटली तरी तशीच राहत होती. बाकी बावीस तारखा उलट्या. वीस जणांचं वय थोडं मागंपुढं होत होतं, पण पाचाची रेघ कुणी ओलांडत नव्हतं. उरल्या दोन मुली.

एक इचलकरंजीची, जी आत हवी होती आणि मी बाहेर काढली होती.

दुसरी मुरगूडची. तिच्या दाखल्यावर बारा जानेवारी होती. कॉम्प्युटरनं ती एक डिसेंबर केली होती. यादीत तिचं वय चार वर्षं दहा महिने. खरं वय पाच वर्षं नऊ महिने. तिची निवड झाली होती, घरी फोनही गेला होता. तो मीच केला होता, तिच्या आजोबांना.

यादी सोमवारी गेली होती. शुक्रवारी संस्था ती पक्की करणार होती. आज बुधवार.

मॅडमच्या खोलीपर्यंत वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत मी काय विचार केला ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. एकच चूक सांगायची. इचलकरंजीच्या मुलीचं नाव घालायचं आणि मुरगूडचं तसंच राहू द्यायचं. कुणाला कळणार? दोघींचं भलं होईल. आणि माझी चूकही निम्मी दिसेल. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती त्या मुरगूडच्या आजोबांना पुन्हा फोन करायची होती.

मी इचलकरंजीच्या मुलीचं सांगितलं. मॅडमनी ऐकून चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यादी किती जणांची बदलते?"

"दोघींची."

"एक तू सांगितलीस. दुसरी?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या दिवशी दाखला बघतात. त्या पोरीला टेबलावरून परत पाठवलं असतं. आधी इचलकरंजी गाठ. आईची सही आणि दाखल्याची मूळ प्रत लागेल. मुरगूडला मी फोन करू का तू करतेस?"

"मी करते," मी म्हणाले.

इचलकरंजीच्या फॉर्मवर शेजाऱ्याचा नंबर होता आणि तो बंद लागत होता. मी एसटी पकडली. गाडीत बसल्यावर एकच विचार होता, ती गावाला गेली असली तर? दिवाळी तोंडावर आली होती, मागवाल्यांची घरं बंद व्हायला लागली होती. पत्ता म्हणजे एका गल्लीचं नाव आणि 'शेडच्या मागे' एवढंच. गल्लीत शिरले तर चारी बाजूंनी मागांचा खडखडाट. मी एका माणसाला विचारलं, त्याला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

"बहिऱ्या पोरीचं आई-बाप, गावाकडं चाललीत ते? मघाशीच बोचकी बांधत हुती बघा, ताई. पळा लवकर."

मी पळाले. खोलीच्या दाराला कुलूप नव्हतं. ती बाई उंबऱ्यात बसून भांडी पोत्यात भरत होती. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. माझ्यासारखं कुणी दवाखान्यातून एवढ्या लांब आलं म्हणजे वाईटच काहीतरी असणार, असं तिला वाटलं असावं.

"काय झालं वो ताई? काय निघालं तपासणीत?"

"काही नाही निघालं," मी धापा टाकत म्हणाले. "तुम्ही म्हणालात ते खरं होतं. डिसेंबरच. माझी चूक झाली. तुमची मुलगी बसते यादीत."

तिनं पोतं बाजूला सारलं, उठली आणि पत्र्याच्या पेटीत तळापर्यंत हात घातला. दाखला काढून माझ्या हातात देताना म्हणाली, "मी काल घरी जाऊन ह्यास्नी इचारलं, खरंच का माझंच चुकतंय? पोरीच्या जन्माचा म्हैना इसरली का काय मी? रातभर झोप न्हाय मला."

मी सही घेतली. मुलगी मागांच्या त्या गदारोळात शांतपणे जमिनीवर रेघा ओढत बसली होती.

मुरगूडचा फोन मी गुरुवारी सकाळी केला. "आजोबा, दवाखान्यात येऊन जाता का?" एवढंच बोलले, फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. ते दुपारी नातीला घेऊनच आले. तिला नवा फ्रॉक घातला होता. त्यांना वाटलं, ऑपरेशनची तारीख सांगायला बोलावलंय.

मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं, कुठं काय उलटलं तेही. ते मान खाली घालून ऐकत होते.

"बारा जानेवारी," ते शेवटी म्हणाले. "मी काय लपवलंतं का, पोरी? दाखला तुमच्याच हातात दिलता की."

"नाही आजोबा. तुम्ही काहीच लपवलं नाही."

"मग आमास्नी व्हय कशापायी म्हणालीस?" आवाज चढला नव्हता. "पयल्यांदाच न्हाय म्हणाली असतीस तर गप बसलो असतो. आता हिच्या आईला काय सांगू मी?"

ती मुलगी त्यांच्या ओठांकडे बघत होती, मग माझ्या ओठांकडे. मला वाटलं, हिला कळतंय. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

मॅडमनी संस्थेला पत्र लिहिलं की चूक दवाखान्याची आहे, या मुलीसाठी अपवाद करा. चार दिवस मी प्रत्येक फोनला दचकत होते. उत्तर नकाराचं आलं. त्यांच्या नियमात अपवाद नव्हता.

इचलकरंजीच्या मुलीचं ऑपरेशन झालं. वर्षभरानं ती तपासणीला आली तेव्हा भिंतीमागून मॅडमनी टाळी वाजवली आणि तिनं वळून बघितलं. तिची आई माझ्याशी चांगलं बोलते. मी काय सांगितलं होतं, "कॉम्प्युटरनं काढलंय", हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

मुरगूडच्या मुलीला मॅडमनी कानामागची मशीन मिळवून दिली आणि कोल्हापुरातच मूकबधिर मुलांच्या शाळेत घातलं. ती खुणांनी भराभर बोलते, चित्रं काढते, गणितात हुशार आहे असं तिच्या बाई सांगतात. यंत्र बसलं असतं तर काय झालं असतं ते कुणालाच माहीत नाही, आणि अट बघता ती मुळातच त्या यादीत बसत नव्हती. हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय. आजोबा शाळेच्या दाराशी भेटले की मान हलवतात, थांबत नाहीत.

मी अजून तेच काम करते. तारखेचा महिना अक्षरातच लिहिते, आणि फॉर्म देणाऱ्याला विचारते, "जन्म कुठल्या महिन्यातला?" तो सांगतो तो महिना दाखल्याशी जुळला की मगच पुढची ओळ भरते.