बारशाच्या पत्रिकेचा कोपरा

नाशिकला पंचवटीत, कारंजाकडून आत वळणाऱ्या एका बोळात माझं टायपिंग आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. नऊ वर्षं तिथे माझ्यासोबत एक बाई काम करत होत्या. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला भाऊ. सकाळी कुलूप त्याच उघडायच्या. मी देवपूजा, चहा आटोपून तासाभराने जायचो.

त्या सोमवारी मी बोळात शिरलो तेव्हाच आवाज ऐकू आला. आधी खरखर, मग टक्‌ टक्‌ टक्‌. आमचा रंगीत प्रिंटर होता. चालू केला की त्याचं शाईचं हेड एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आपली जागा बघून घेतं. ते अर्ध्यातच अडत होतं, धडकत होतं आणि मग सगळे दिवे लुकलुकायला लागत होते.

काउंटरपाशी मुंडण केलेला एक माणूस उभा होता. दुसऱ्या दिवशी रामकुंडावर त्याच्या वडिलांचा दशक्रिया विधी होता. त्याला वडिलांचा फोटो असलेली पत्रकं तासाभरात हवी होती.

ताईंनी सांगितलं की आपण फक्त बटण दाबलं. मला ते पटलं नाही. त्यांनी सकाळी अडकलेला कागद हिसका देऊन ओढला असणार, असं मी त्या माणसादेखत म्हणालो. चष्म्याचा नंबर वाढलाय, हातात पूर्वीचा नेमकेपणा राहिला नाही, हेही म्हणालो. हे म्हणायची काहीच गरज नव्हती.

"भाऊ, मी कागद ओढलेला नाही," त्या हळू म्हणाल्या. "बंद करा. आत काहीतरी अडकलंय, बघू या."

मी बंद केला नाही. म्हणजे बंद केला आणि पुन्हा चालू केला. पुन्हा. सात-आठ वेळा तरी. दर वेळी तोच आवाज, आणि दर वेळी मी ताईंकडे बघत होतो. तो माणूस दुसरं दुकान शोधायला निघून गेला. त्याच्यामागे थोड्या वेळाने ताईही गेल्या. डबा, चष्म्याचं घर, खुर्चीवरची उशी, सगळं त्यांनी पिशवीत भरलं. किल्ली काउंटरवर ठेवली.

दुपारी प्रिंटर रिक्षात घालून मी दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने एकदाच चालू करून आवाज ऐकला, लगेच बंद केला, वायर काढली. वरचं झाकण उचलून हेड बोटाने अलगद सरकवू लागला. उजवीकडे एका जागी ते अडलं. त्याने टॉर्च मारली, चिमटा घातला आणि अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा बाहेर काढला. जाड, पिवळा कागद. त्यावर चांदीच्या रंगाच्या वेलीचं एक पान.

तसा कागद दुकानात दुसऱ्या कुठल्याच कामासाठी वापरला नव्हता. तो मी आणला होता, नातवाच्या बारशाच्या पत्रिकेसाठी. रविवारी दुकान बंद असताना मी एकटाच ती छापत बसलो होतो. एक पत्रिका अडकली. मी ती जोर लावून उलटी ओढली, निघाली तशी चुरगाळून टाकली, आणि वैतागून प्रिंटर बंद करून घरी गेलो. ती अख्खी निघाली की नाही, हे उलगडून बघितलं नाही.

दुरुस्तीवाल्याने विचारलं, असाच किती वेळा चालू केलात? मी म्हणालो, एक-दोनदा. त्याने हेड ओढणाऱ्या पट्ट्याचे झिजलेले दात दाखवले.

संध्याकाळी ताईंच्या घरी गेलो. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, उद्यापासून या म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुकडा तुमचा निघाला म्हणून आलात," त्या म्हणाल्या. "माझा निघाला असता तर?"

मी चहा संपवला. निघताना त्या दारापर्यंत आल्या, बाळ कसं आहे विचारलं.

आता त्या गोदावरीपलीकडे, जुन्या नाशकातल्या एका दुकानात बसतात. भाजीबाजारात भेटलो तर बोलतात, नीट बोलतात, आणि मेथीची जुडी घेऊन पुढे जातात. घरी मी खरं सांगितलं नाही. ताईंना घराजवळ काम मिळालं, असं सांगितलं. बारशाला त्या आल्या नाहीत याचं मुलीला वाईट वाटलं. नऊ वर्षांत एवढाही जिव्हाळा नव्हता का, असं ती म्हणाली. मी ते ऐकून घेतलं आणि गप्प राहिलो. अजून गप्पच आहे.