साडेसात चोक तीस

आमचे हे, म्हणजे आनंदा, वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. सव्वीस वर्षं नटबोल्ट मोजतायत. बोलायला अगदी कंजूष, पण आकड्यांत कुणाला हार जाणार नाहीत. वीस किलो माल एका भावाचा आणि ऐंशी किलो दुसऱ्या भावाचा आला, तर दोन भावांची बेरीज करून निम्मे करणाऱ्या नवख्याला ते अख्खा दिवस ऐकवतात. "वजन बघ आधी, वजन," म्हणतात. असा हा माणूस पोरीच्या बाबतीत नेमकं वजनच विसरला.

रचना आमची एकुलती. ठाण्याच्या कॉलेजात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची फी एक ट्रस्ट भरतो. अट एकच, दुसऱ्या वर्षापासून दर वर्ष संपताना सगळ्या सेमिस्टरची मिळून सीजीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, साडेसात पाहिजे. एक कणभर कमी आली तर पुढची फी आपली आपण भरायची, आणि ती आमच्याच्यानं होणार नाही हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

पहिल्या सेमला आठ, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला सात पॉइंट एकवीस. यांनी मालाच्या चलनाच्या पाठीवर मांडलं. साडेसात चोक तीस, त्यातून बावीस पॉइंट एकवीस वजा, उरले सात पॉइंट एकोणऐंशी. "एवढे आण, बस्स," म्हणाले. रचनाने बापाचा आकडा डोळे मिटून घेतला. शेवटचा पेपर शुक्रवारी होता. बाकीचे बरे गेलेले, या एका पेपराला सातवाला ग्रेड आला तरी भागतंय, म्हणून पोरगी जरा निवांत होती.

मंगळवारी हे ट्रस्टचा फॉर्म द्यायला कॉलेजात गेले. आल्यावर पाणीसुद्धा मागितलं नाही. नळाखाली हात धुवत राहिले. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि विचारलं, "काय झालं?"

"चुकलं माझं, शालन."

ऑफिसातल्या मृणाल मॅडमनी कागद बघितला आणि हसल्या म्हणे. "काका, सरळ सरासरी नाही चालत. दर सेमला क्रेडिट वेगळे. आठ आले ते अठरा क्रेडिटचे, सात आले ते बावीसचे, सात पॉइंट एकवीस आले ते चोवीसचे." म्हणजे जिथे मार्क कमी, तिथेच वजन जास्त. या सेमचे क्रेडिट वीस. चौऱ्याऐंशी गुणिले साडेसात म्हणजे सहाशे तीस. हातात आहेत चारशे एकाहत्तर. राहिले एकशे एकोणसाठ, वीसने भागले की सात पॉइंट पंच्याण्णव.

"म्हणजे शुक्रवारच्या पेपराला सात चालणार नाहीत?"

"आठ पाहिजेत. आठच."

"मग जा ना आत, सांगा तिला."

"घाबरेल. येतंय तेही विसरेल."

मी गप्प बसले, आणि तीच माझी चूक. बुधवार गेला. रचना टीव्ही बघत, पाय हलवत बसली होती, आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघायचं टाळत होतो. रात्री यांचा श्वास ऐकत पडले, हेही जागेच होते. दोन दिवस वाया चाललेत, एवढंच डोक्यात फिरत होतं.

गुरुवारी सकाळी माझ्याच्यानं राहवलं नाही. पोहे ठेवले आणि सांगून टाकलं. रचनाने वही ओढली, तीनदा गुणाकार केला. तिन्हीदा तेच आलं.

"बाबा, हे तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

तिने पुस्तकं उचलली, कोपरला मैत्रिणीकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत आलीच नाही. हे त्या दिवशी कामावर गेले नाहीत. मी यांच्यावर ओरडले असते, पण लपवलं तर मीही होतं.

निकालाच्या दिवशी मोबाईल माझ्या हातात दिला रचनाने. "तूच बघ, आई." शेवटच्या पेपराला आठ. सेमला आठ पूर्ण, सगळं मिळून सात पॉइंट एकावन्न. शिष्यवृत्ती राहिली. मी तिथेच खाली बसले. हे भिंतीला टेकून रडले, लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं मी त्यांना असं.

रचना त्यांच्याजवळ गेली. हळूच म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी परत हीच अट आहे. चुकलं तर चुकलं. पण मी घाबरेन म्हणून लपवायचं नाही. मला दोन दिवस मिळाले असते."

"हो," म्हणाले हे. खाली मान घालून म्हणाले, बापाने मुलीला म्हणावं तसं नाही, स्टोअरातल्या नवख्याने चूक कबूल करावी तसं.