बाबांचा हेडफोन

सिंदीतल्या आमच्या कापडदुकानात बाबा दुपारी हेडफोन लावून भजनं ऐकत बसायचे. एके दिवशी हेडफोनचा दिवा नुसता लाल-निळा लुकलुकत राहिला. मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत त्याचं नाव दिसायचं, पण दाबलं की थोड्या वेळानं ‘जोडता आलं नाही’ एवढंच यायचं.

“आधीच यातून कमी ऐकू येऊन राह्यलं होतं,” बाबा म्हणाले. “आता पुराच बिघडला.”

मी मोबाइलमधून हेडफोनचं नाव काढून टाकलं, तरी तेच. जुन्या जोडण्या हेडफोनच्या आतही साठलेल्या असतात. त्या पुसायला, माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे, आवाजाची दोन्ही बटणं दिवा पांढरा होईपर्यंत दाबून धरली. मग नव्यानं जोडलं आणि दिवा निळा होऊन स्थिर झाला.

बाबांनी हेडफोन लावला. “उजवीकडूनच येते. डावी बाजू अजून बंद हाय.”

मी घालून पाहिला. दोन्ही बाजूंनी स्वच्छ आवाज येत होता. मग मी तो डावी बाजू उजवीकडे येईल असा उलटा फिरवून त्यांच्या कानांवर बसवला.

“आता?”

“उजवीकडूनच. दुसरा घ्या लागते.”

मी हेडफोन काढून घेतला आणि त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन हळूच “बाबा” म्हटलं. ते समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले.

मी वळसा घालून उजवीकडे गेले. “बाबा, आत्ताच वर्ध्याले जाऊ. कानाच्या डॉक्टरकडे.”

“काऊन?” त्यांनी विचारलं.