मोठ्यानं वाचा

गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत वडलांनी चेअरमनच्या विरोधात मत दिलं आणि आठवड्याच्या आत आमचं घर पेटलं. आईचे दोन्ही हात भाजले. पत्र्याच्या पेटीत माझी बी.ए.ची मार्कशीट होती, घराण्यातली पहिली. तीही गेली. मार्कशीटची नक्कल विद्यापीठानं दिली. माफी मात्र माझ्याकडं तेव्हाही नव्हती, आजही न्हाई.

पेटवताना चेअरमनला दोघांनी पाहिलं होतं. गुन्हा दाखल झाला तसा तो गायब. वॉरंट निघायचं आणि जमादार कोर्टाला लिहून द्यायचे, 'आरोपी मिळून आला नाही.' लोक मात्र सांगायचे, कडा गावी लग्नात जेवत होता. शेवटी कोर्टानं जाहीरनामा काढला, की ठरल्या तारखेला हजर व्हा, न्हाईतर मालमत्ता जप्त.

जमादारांनी तो सोसायटीच्या दारावर चिकटवला.

"इथं कावून?" मी विचारलं.

"चेअरमन दिवसभर इथंच की, बाई."

"बसायचे इथं. राहायचे घरी."

कायदा मी वाचला होता. कागद राहत्या घरावर लागला पाहिजे, कोर्टातही लागला पाहिजे, गावात उघड्यावर मोठ्यानं वाचला पाहिजे आणि हजर व्हायला किमान तीस दिवस मिळाले पाहिजेत. एक चूक राहिली तरी पुढं जप्ती उडते. सरकारी वकिलांना मी हे सगळं सांगितलं. कोर्टानं नवा जाहीरनामा काढला.

यावेळी जमादार आले तेव्हा टँकर उभा होता. दुष्काळाचं वर्ष, अख्खा गाव घागरी घेऊन रांगेत. चेअरमनची बायकोही रांगेत होती. पूर्वी टँकर आधी तिच्या दारात जायचा.

जमादार पुटपुटू लागले.

"मोठ्यानं वाचा, साहेब."

"बाई, मला शिकवता का?"

"शिकवते. मी बी.ए. हाय."

रांग हसली. जमादारांनी चेअरमनचं नाव बापाच्या नावासकट खणखणीत वाचलं. घागरी खाली ठेवून लोक ऐकत होते. कागद वाचल्याच्या पंचनाम्यावर पंच म्हणून पहिली सही ठोकली ती सोसायटीच्याच सचिवानं. पुढं पुढं करायची सवय, दुसरं काय! चेअरमनच्या घराच्या दारावर कागद लागेपर्यंत मी उन्हात उभी राहिले.

मुदत संपली. तो आला न्हाई. कोर्टानं त्याला फरार घोषित केलं, जप्तीचा हुकूम कलेक्टरकडं गेला आणि तलाठ्यानं सातबाऱ्यावर जप्तीची नोंद घेतली. सगळा ऊस, सगळं रान.

मग वर्षभरानं तो हजर झाला. अर्ज केला, 'मी फरार नव्हतो, जाहीरनाम्याची मला माहितीच नव्हती, जमीन सोडा.' सरकारी वकिलांनी पंचनामा पुढं ठेवला. सही त्याच्याच माणसाची होती. अर्ज फेटाळला.

पोलीस त्याला घेऊन निघाले तेव्हा मी कोर्टाच्या दारातच उभी होते, मागं गावातली माणसं. माझ्यापाशी थबकून तो हळूच म्हणाला, "पोरी, एवढं कावून गं?"

"मोठ्यानं बोला, चेअरमन," मी म्हणाले. "मागच्यांना ऐकू येत न्हाई."